रात्री बाराला दहा कमी: एका यात्रेच्या बसभाड्याचा पूर्ण हिशेब

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाने तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर अशी दोन दिवसांची यात्रा ठरवली तेव्हा वही माझ्याकडे आली. सोसायटी सिंहगड रस्त्यावरची. मंडळी बहुतेक पन्नाशीच्या पुढची. बस ३५ सीटची, पुशबॅक, एसी नसलेली. नावं आली ३१ सीटची, शिवाय मांडीवर बसणारी चार वर्षांची एक मुलगी. यात्रा छान झाली, दर्शनं झाली. पण पैशांचे चार-पाच प्रश्न असे आले की त्यातला एकही कोटेशनच्या कागदावर दिसत नव्हता. ते जसे आले तसे, आकड्यांसकट लिहिते आहे.

बसमालकाचं कोटेशन असं होतं: किलोमीटरला ४२ रुपये, जीएसटीसह. दिवसाला किमान ३०० किलोमीटर. चालकाचा भत्ता रोज ५००, क्लीनरचा ३००. टोल आणि पार्किंग प्रत्यक्ष होईल तसं वेगळं. आणि शेवटी दोन शब्द, ‘गॅरेज टू गॅरेज’.

पहिला वाद निघण्याच्या वेळेवरून झाला. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की शुक्रवारी रात्री दहाला निघू, झोपेत सोलापूर येईल, पहाटे तुळजापूरला पहिलं दर्शन. ऐकायला उत्तम. पण भाड्याच्या बसचा दिवस चोवीस तासांचा नसतो, तो तारखेप्रमाणे रात्री बारा ते बारा मोजतात. शुक्रवारी रात्री दहाला बस हलली की शुक्रवार हा एक दिवस झाला, मग त्या दिवशी बस दोनच तास का चालेना. आमचा मार्ग नकाशावर मोजून साधारण ७२० किलोमीटर होत होता. शनिवार-रविवार असे दोन दिवस धरले तर किमान ६०० भरतात, आपण त्याच्या वर आहोत, म्हणजे चाललेल्या किलोमीटरचेच पैसे: ३०,२४० रुपये. तीन दिवस धरले तर किमान ९००, म्हणजे बस ७२० चालली तरी बिल ९०० चं: ३७,८०० रुपये. वर एका दिवसाचा भत्ता ८००. बारा वाजायच्या आधीच्या त्या दोन तासांसाठी ८,३६० रुपये जास्त. हे वहीत मांडून दाखवल्यावर सगळे शनिवारी पहाटे साडेचारला निघायला तयार झाले.

भत्ता म्हणजे काय, हेही तेव्हाच विचारून घेतलं. चालकाचा पगार मालक देतो. भत्ता हा बाहेरगावच्या जेवणाखाण्याचा आणि रात्रीच्या मुक्कामाचा, तो बस घेणाऱ्याने द्यायचा. काही मालक जेवणाचा भत्ता आणि रात्रीचा हॉल्ट वेगवेगळा लावतात, म्हणून आमच्या ८०० मध्ये दोन्ही धरलं आहे का हे फोनवर विचारलं आणि उत्तर मेसेजवर लिहून मागितलं. ‘रात्र धरून’ असं उत्तर आलं. हे दोन शब्द पुढे कामाला आले.

वर्गणी ठरवताना मी एक गोष्ट हट्टाने वेगळी ठेवली. बसचे पैसे वेगळे, राहण्याचे वेगळे. सगळं मिळून ‘माणशी दोन हजार’ म्हणणं सोपं असतं, पण दोन्ही खर्चांचा स्वभाव निराळा आहे. बस एकदा ठरली की तिचा खर्च माणसांवर अवलंबून राहत नाही. २८ जण आले काय नि ३१ आले काय, डिझेल तेवढंच जळतं. राहण्याचं तसं नाही. माणूस आलाच नाही तर त्याची गादी घ्यावी लागत नाही. म्हणून बसचा भाग डोक्यावर नाही, सीटवर लावायचा असं ठरवलं. प्रत्येक सीटचे १,२५० आधी यूपीआयने घेतले आणि गटावर टाकलं: बस ठरल्यावर सीटचे पैसे परत नाहीत, मात्र बदली माणूस मिळाला तर त्याच्याकडून आले की परत. नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःची सीट हवी होती, त्याची पूर्ण वर्गणी. चार वर्षांच्या मुलीला सीट नाही, वर्गणीही नाही. राहण्याचे पैसे मुक्कामाच्या ठिकाणी, खोली घेऊ तसे.

या नियमाची परीक्षा दोन दिवस आधी झाली. एका जोडप्याच्या घरी सुतक आलं. चुलत भावकीतलं, पण दहा दिवस देवळात जाता येणार नव्हतं. दोन सीट मोकळ्या झाल्या. त्याच संध्याकाळी आमच्याच इमारतीतल्या एक मावशी, ज्या सोलापूरला लेकीकडे गेल्या होत्या, त्यांचा फोन आला की सोलापुरात चढते, परत पुण्याला तुमच्याबरोबर येते. आणि शनिवारी पहाटे चार वाजता एका काकांनी कळवलं की त्यांना जमणार नाही.

तीन सीट, तीन वेगळी कारणं. मंडळातल्या काहींना वाटत होतं की सुतकवाल्यांचे पैसे घेणं बरं दिसत नाही, आणि काकांचे मात्र घ्यायलाच हवेत. मला हे पटलं नाही. कारण पाहून नियम बदलायचा म्हटलं तर कुणाचं कारण किती खरं हे ठरवायला बसावं लागतं, आणि ते काम वही सांभाळणाऱ्याचं नव्हे. शिवाय त्या दोघांना सोडलं तर त्यांचे सुमारे २,४०० रुपये बाकीच्या २९ सीटवर पडतात, माणशी ८०-८५ रुपये, आणि तेही कुणाला न विचारता. मावशींनी एक सीट घेतली म्हणून जोडप्याला एका सीटचे पूर्ण पैसे परत केले, दुसऱ्या सीटचे ठेवले. वहिनींनी स्वतःच फोन करून सांगितलं की ठेवा, यात वाईट वाटून घेऊ नका.

मावशींचं भाडं किती, हाही प्रश्न आला. त्या जाताना पुणे ते सोलापूर हे जवळपास अडीचशे किलोमीटर बसमध्ये नव्हत्या. कुणीतरी म्हणालं, दोनतृतीयांश घ्या. मावशी सोलापूरच्या नाक्यावर पिशवी घेऊन चढल्या आणि मी विषय काढायच्या आतच म्हणाल्या, “अगं, माझी सीट पुण्याहून रिकामीच आली ना? दुसरं कुणी बसलं का तिच्यावर? मग पूर्ण घे.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. एसटीत टप्प्याप्रमाणे भाडं असतं, कारण वाटेत ती सीट दुसऱ्याला विकता येते. ठरवलेल्या बसमध्ये विकता येत नाही.

निघताना मी तीन फोटो काढले: किलोमीटरचा काटा, टाकीचा काटा आणि काचेवरचा फास्टॅग. बस गॅरेजमधून आमच्या दारात येईपर्यंत १४ किलोमीटर चालली होती. ‘गॅरेज टू गॅरेज’चा अर्थ हाच, की येताना १४ आणि जाताना १४ आपल्याच खात्यात. म्हणून काट्याचा गॅरेजमधला आकडा चालकाकडून मेसेजवर मागवला होता आणि दारातला आकडा मी पाहिला. दोन्हींतला फरक नकाशावरच्या अंतराशी जुळला.

इंदापूरच्या अलीकडे पंपावर चालकाने डिझेलसाठी ५,००० मागितले. हे नेहमीचंच आहे, मालक वाटखर्चाला सगळे पैसे देत नाहीत. पण चालकाच्या हातात दिलेले पैसे आणि मालकाच्या वहीत जमा झालेले पैसे एकच असतात असं नाही. मी मालकाला फोन लावला, त्याच्याच खात्यावर ५,००० पाठवले, ‘भाड्यापोटी डिझेल’ असा मेसेज टाकला आणि पंपाच्या पावतीचा फोटो जोडला. बस पंपावर दहा मिनिटं जास्त थांबली, कुरकुर झाली. चालली.

टोलची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण घोळ इथेच होतो. जाताना सोलापूर महामार्गावर पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार नाके लागले. पुढे तुळजापूरच्या वाटेवर एक. पैसे फास्टॅगमधून म्हणजे मालकाच्या खात्यातून जातात, मेसेज त्याच्या फोनवर जातो, आपल्याला काहीच कळत नाही. शेवटी चालक तोंडी आकडा सांगतो. आम्हालाही रविवारी ‘टोलचे साधारण साडेचार हजार’ असं सांगितलं. चालक खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, त्याने अंदाजच सांगितला. पण मी प्रत्येक नाक्यावर नाव आणि वेळ वहीत लिहीत होते, म्हणून मालकाला म्हटलं की त्या दोन तारखांचा फास्टॅगचा उतारा पाठवा. उताऱ्यात ३,२०० निघाले. नोंदी माझ्या वहीशी जुळल्या, एक सोडून.

ती एक नोंद म्हणजे टॅगमध्ये शिल्लक नव्हती तो नाका. टॅग चालला नाही, मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि चालक म्हणाला, रोख द्या. राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालला नाही आणि रोख भरले तर टोल दुप्पट लागतो. यूपीआयने भरले तर सव्वापट, हे मला तेव्हा सुचलं नाही. २६० च्या जागी ५२० दिले. यातले २६० टोल, तो आमचा. वरचे २६० हा टॅगमध्ये पैसे न ठेवल्याचा दंड, तो बसमालकाचा. पावती जपून ठेवली आणि बिलातून तेवढे वजा केले. मालकाने एका शब्दानेही हरकत घेतली नाही, पण पावती नसती तर मला मागता आले नसते.

परतीचा टोल कमी लागतो अशी मंडळींची समजूत होती. ती अर्धी खरी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावरून २४ तासांच्या आत परतलात तर दोन्ही खेपांचे मिळून दीडपट पडतात. आम्ही पाटस शनिवारी पहाटे ओलांडलं आणि रविवारी रात्री परत आलो. चोवीस तास कधीच उलटून गेले होते. मुक्कामी यात्रेच्या अंदाजपत्रकात दोन्ही वेळचा पूर्ण टोलच धरावा.

पार्किंगचं थोडक्यात. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर मिळून ४५०. दोन ठिकाणी पावती मिळाली, एका ठिकाणी मिळाली नाही. तिथे रक्कम, जागा आणि वेळ लिहून समोर उभ्या असलेल्या दोघांच्या सह्या वहीत घेतल्या.

मुक्काम अक्कलकोटला, भक्त निवासात. तुळजापूरहून नळदुर्गमार्गे संध्याकाळी साडेसहाला पोहोचलो. प्रत्यक्ष आलेली माणसं २९, शिवाय ती छोटी. त्यांतले दोघं गावातल्या नातेवाइकांकडे राहायला गेले. उरले २७. सहा जणांना दोघांची स्वतंत्र खोली हवी होती, १,४०० प्रमाणे तीन खोल्या. बाकीचे २१ जण चौघांच्या पाच खोल्यांत, १,२०० प्रमाणे, आणि एक जादा गादी १५० ची.

इथे ‘सगळ्यांची सरासरी काढा, भांडण नको’ असा सूर निघाला. सरासरी काढली असती तर एकूण १०,३५० भागिले २७, म्हणजे माणशी ३८३. चौघांत झोपणाऱ्यांचा खरा खर्च ६,१५० भागिले २१, म्हणजे २९३. सरासरीने त्यांना ९० रुपये जास्त पडले असते, ते कशाचे, तर दुसऱ्याच्या स्वतंत्र खोलीचे. आणि त्या २१ जणांत चार जणी अशा होत्या की त्यांना वर्गणीचे बाराशेच जड गेले होते. त्या बोलल्या नसत्या, हे मला माहीत होतं. म्हणून ज्याची खोली त्याचा खर्च: स्वतंत्र खोलीचे माणशी ७००, चौघांच्या खोलीचे माणशी २९५, नातेवाइकांकडे गेलेल्यांचे शून्य. रात्रीचा महाप्रसाद अन्नछत्रात झाला. देणगी ज्याने त्याने आपापली दिली, ती वहीत आणलीच नाही.

खोल्या लागल्यावर मी बसकडे गेले. चालकाने मधल्या वाटेत सतरंजी टाकली होती, क्लीनर मागच्या सीटवर आडवा झाला होता, आणि दोघं पुठ्ठ्याने वारा घेत होते. बसमध्ये दिवसभराची धग साठलेली. भत्त्यात मुक्काम धरला आहे हे मेसेजवर लिहून आलं होतं, त्यामुळे आमच्यावर काही देणं लागत नव्हतं. पण तो माणूस पहाटे तीनपासून जागा होता आणि दुसऱ्या दिवशी तीस जणांना घेऊन तो सव्वातीनशे किलोमीटर चालवणार होता. १५० प्रमाणे दोघांना डॉर्मिटरीत गाद्या घेतल्या, ३०० रुपये, आणि ते बसच्या खात्यात टाकले, म्हणजे सगळ्या ३१ सीटवर. सीटला दहा रुपयेही पडले नाहीत.

या बाबतीत आमच्या आखणीत चूक होती, आणि ती मी मान्य करते. स्टेअरिंगवरचे तास रोज आठ-साडेआठच झाले, पण पहिल्या दिवशी पहाटे तीन आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्र, हे एका चालकाला झेपणारं वेळापत्रक नव्हतं. एक तर दुसरा चालक मागायला हवा होता, नाहीतर पंढरपूर सोडायला हवं होतं. दोन दिवसांत बसवण्याच्या नादात आम्ही किलोमीटरचे पैसे मोजले, माणसाची झोप मोजली नाही.

रविवारी अकराच्या सुमारास पंढरपूर. ठरलं होतं की मुखदर्शन घ्यायचं आणि साडेतीनला निघायचं. चार जणी म्हणाल्या, इथवर आलो तर पदस्पर्श घेतल्याशिवाय कसं जायचं? अध्यक्षांनी होकार दिला. रांग पुढे सरकेना. त्या सव्वापाचला बाहेर आल्या, जेवण व्हायचं होतं, बस सहाला हलली. वाटेत धाब्यावर जेवण, हडपसरला गर्दी. सोसायटीच्या दारात उतरलो तेव्हा घड्याळात ११:५० झाले होते. मी मनात म्हटलं, वाचलो, बाराच्या आत आलो.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. बस गॅरेजला १२:३५ ला लागली. तारीख बदलली, तिसरा दिवस सुरू झाला. म्हणजे किमान ९०० किलोमीटर आणि आणखी एक भत्ता. चाललेले किलोमीटर ७३८, त्याचे ३०,९९६. तिसरा दिवस धरून ३७,८०० अधिक ८००. एकूण ७,६०४ रुपये जास्त, सीटला अडीचशेच्या आसपास.

कागद त्याच्या बाजूने होता. ‘गॅरेज टू गॅरेज’ हे मी किलोमीटरसाठी वाचलं होतं, पण ते वेळेलाही लागतं. निघताना मी अंतर मोजलं, परतीची वेळ मात्र दारापर्यंतची धरली. खरं तर परतायची वेळ बारा नव्हतीच, सव्वाअकरा होती.

मी भांडले नाही, विचारलं. त्या रात्री बारानंतर बसला दुसरं भाडं होतं का? नव्हतं, पुढचं काम सोमवारी दुपारचं होतं. म्हणजे दिवस बुडाला नव्हता. चालकाला मात्र त्रास झाला होता, रात्र त्याचीच गेली. मग म्हटलं, भत्ता पूर्ण एका दिवसाचा घ्या, किलोमीटर चालले तेवढेच धरा. थोडा वेळ घेऊन तो हो म्हणाला. हे त्याच्या समजूतदारपणावर अवलंबून होतं. सोमवारी पहाटेचं लग्नाचं भाडं असतं आणि आमच्यामुळे ते चुकलं असतं, तर मला पूर्ण रक्कम द्यावी लागली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

मग सोसायटीत दुसरं सुरू झालं, की ते ८०० पदस्पर्शवाल्या चौघींकडून घ्या. याला मी ठाम नाही म्हटलं. त्यांनी चोरून रांग धरली नव्हती, विचारून गेल्या होत्या आणि मंडळाने होकार दिला होता. होकार सगळ्यांचा, तर उशीरही सगळ्यांचा. न विचारता बसला थांबवलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

बसचं खातं शेवटी असं बसलं:

भाडं, ७३८ किमी × ४२: ३०,९९६
भत्ता, तीन दिवस × ८००: २,४००
टोल, फास्टॅग ३,२०० आणि रोख २६०: ३,४६०
पार्किंग: ४५०
चालक-क्लीनरच्या गाद्या: ३००
एकूण: ३७,६०६

भागिले ३१ म्हणजे १,२१३ आणि काही पैसे. १,२१५ धरले आणि प्रत्येक सीटमागे ३५ रुपये परत केले, न आलेल्या काकांना आणि त्या जोडप्याच्या उरलेल्या सीटलाही. मालकाला द्यायचे होते ३६,३३६, म्हणजे भाडं, भत्ता आणि फास्टॅग मिळून येणाऱ्या रकमेतून दंडाचे २६० वजा. बुकिंगचे १०,००० आणि डिझेलचे ५,००० आधी गेले होते, उरलेले २१,३३६ त्याच दिवशी पाठवले आणि ‘हिशेब पूर्ण’ असा मेसेज त्याच्याकडून मागून घेतला. चालकाला खुशी म्हणून ज्यांना द्यायची होती त्यांनी उतरताना हातात दिली, ती या खात्यात नाही.

काकांना ३५ रुपये गेले तेव्हा त्यांचा फोन आला, हे कशाचे म्हणून. मी सांगितलं, तुमच्या सीटचे. ते म्हणाले, मी तर आलोच नव्हतो. म्हटलं, सीट आली होती.

बसच्या खात्यात ५९ आणि खोल्यांच्या खात्यात ४५ उरले. त्या १०४ रुपयांचे पेढे गुरुवारच्या आरतीला आणले. तोवर सुतक फिटलं होतं, वहिनी आरतीला आल्या होत्या, पहिला पेढा त्यांच्या हातावर ठेवला.